नातेवाईक वजनावर, रंगावर बोलतात: तोल न सोडता काय उत्तर द्यावं?

शेवंती

नवऱ्याच्या मोठ्या काकांकडे गिरगावात पाच दिवसांचा गणपती असतो. आम्ही मुलुंडहून दुसऱ्या दिवशी जातो. चाळीतल्या दोन खोल्या, माणसांची सतत ये-जा, दुपारची पंगत. मला ते घर आवडतं, तिथल्या आरत्या आवडतात. पण नवऱ्याच्या आत्या पार्ल्याहून येतात आणि मी चपला काढायच्या आत सुरू करतात, "काय गं, अजून सुटलीस!" सगळे ऐकत असतात. कोणी हसतं, कोणी मान खाली घालतं.

मला थायरॉइड आहे, रोज सकाळी गोळी घेते. एकदा हे सांगून पाहिलं. त्यावर, "गोळी चालू आहे ना, मग वजन का उतरत नाही?" तिथून भात बंद कर, रात्री जेवू नकोस, अमकीच्या सुनेने कसं कमी केलं, हे पंगत उठेपर्यंत.

माझं मी सहन केलं असतं, पण आता गाडी मुलीवर आली आहे. ती नऊ वर्षांची आहे. तिच्यासमोर म्हणतात, "नाकीडोळी नीटस आहे, पण रंगात मार खाल्ला." दिवाळीत एक क्रीमची ट्यूब हातात दिली, "रोज रात्री लाव हिला, शेजारच्या मुलीचा रंग दोन महिन्यांत उजळला." ती मी कपाटात ठेवून दिली. पण शाळेच्या फोटोच्या दिवशी लेक पंख्याखाली उभी राहून हातांना कोपरापर्यंत पावडर चोळताना दिसली. मी काही बोलले नाही, ओल्या फडक्याने पुसून दिलं.

नवरा म्हणतो, ती तशीच आहे, मनावर घेऊ नकोस. सासूबाई आपल्या नणंदेपुढे काही बोलत नाहीत. मला भांडायचं नाही आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायचेही नाहीत. तोंडातून नेमकं काय काढावं, एवढंच विचारते आहे.

सडेतोड

ताई, गप्प बसलात म्हणून हे इथवर आलं. समोरच्याला गप्प बसणं ही संमती वाटते. त्या 'सुटलीस' म्हणाल्या की तुम्ही तिथेच म्हणा, "आणि आत्या, तुमचे केस किती विरळ झाले हो!" एकदाच. पुन्हा हिंमत करणार नाहीत. मी आमच्या मामांना असंच उत्तर दिलं होतं, तेव्हापासून ते माझ्या वाटेला जात नाहीत.

माई७०

शेवंती, मी तुझ्या आत्यांच्या वयाची. आमच्या वेळी माणूस दिसलं की आधी तब्येतीचंच बोलायचे. त्यात प्रत्येक वेळी वाईट हेतू नसतो, एवढं लक्षात घे. मुलीला आंघोळीच्या आधी डाळीचं पीठ, साय आणि चिमूटभर हळद लाव, त्वचा छान राहते. मान काळी असेल तर लिंबाची फोड चोळ. आणि तू रोज अर्धा तास चालत जा, थायरॉइडलाही बरं.

पारिजात

माई, तिने वजन कमी करायचा किंवा रंग उजळायचा उपाय विचारलेलाच नाही. उत्तर कसं द्यायचं, हे विचारलंय.

कदंब

मी बरीच वर्षं शाळेत समुपदेशक होते, आता कुटुंबांबरोबर काम करते. हा प्रश्न माझ्याकडे सणांच्या आधी हमखास येतो.

सडेतोड यांचं अर्धं बरोबर आहे. काहीच न बोलणं चालत नाही, विशेषतः मूल ऐकत असताना. पण केसांवरून टोमणा मारलात की त्याच क्षणी पारडं फिरतं. आत्या काय बोलल्या ते सगळे विसरतात आणि सून मोठ्यांना काय बोलली हे पुढची दहा वर्षं सांगितलं जातं. मामा-भाच्यात जे खपतं ते सुनेला खपवून घेत नाहीत. शिवाय एकमेकांच्या शरीरावर बोलायचं, हा नियम तुम्ही मान्य केला असं होतं.

आता तुमचं थायरॉइडचं उत्तर. ते खरं आहे, पण ते कारण आहे, आणि कारण दिलं की समोरच्याला ते तपासायचा हक्क मिळतो. "मग वजन का उतरत नाही" हा पुढचा प्रश्न त्यातूनच आला. झोप नाही, वेळ नाही, बाळंतपण झालं, काहीही सांगा, त्यावर सल्ला तयार असतो. म्हणून वाक्यात कारण नको, 'पण' नको, माफी नको. असं म्हणा:

"आत्या, माझ्या वजनाविषयी मी बोलणार नाही."

आणि श्वास न घेता पुढचं वाक्य त्यांच्याविषयी, ज्याचं उत्तर लांब असेल असं. "तुमचं गुडघ्याचं कसं आहे, जिने चढता येतात का?" हा प्रश्न आधीच ठरवून जा आणि तो खरा असू द्या. उत्तर ऐकायची तयारी हवी, नाहीतर त्यांना कळतं. बहुतेक बायका इथेच चुकतात. पहिलं वाक्य म्हणून थांबतात, मग शांतता पडते आणि ती भरून काढायला स्वतःच हसतात किंवा "तसं नाही हो" म्हणतात. मग सगळं पाण्यात.

आवाज नेहमीपेक्षा थोडा खाली आणि सावकाश. पहिलं वाक्य म्हणताना हसू नका. गुडघ्याविषयी विचारताना हसा. हातात काहीतरी काम असू द्या, पानं पुसणं, दुर्वा निवडणं, काहीही. रिकाम्या हाताने उभं राहिलं की हात थरथरतात आणि आवाजही.

त्या पुन्हा बोलतील. तेव्हा तेच वाक्य, त्याच शब्दांत. नवीन शब्द काढलेत की त्या नव्या शब्दांवर वाद घालता येतो. तिसऱ्यांदा झालं तर "मी जरा आत बघून येते" म्हणून उठा. रागाने नाही, कामाला उठल्यासारखं.

एक आधीच सांगून ठेवते. सुरुवातीला टोमणे वाढतील. आजवर तुमच्याकडून काहीतरी मिळत होतं, स्पष्टीकरण म्हणा, कसनुसं हसू म्हणा, भरलेले डोळे म्हणा. ते मिळेनासं झालं की माणूस आधी जोर लावून पाहतो. यालाच बायका "उपयोग झाला नाही" समजतात आणि सोडून देतात. उपयोग होतोय की नाही ते वेगळ्या गोष्टींवरून कळतं: वाक्यं तोकडी होतात, त्या तुमच्याऐवजी इतरांकडे बघून बोलायला लागतात, आणि तिसरंच कोणीतरी विषय बदलतं.

लोकल_सातपन्नास

माझं उलटं आहे. मी बारीक. "फुंकर मारली तर उडशील", "बायको आली की तिलाच तुला उचलावं लागेल". गेल्या वर्षी मुलगी बघायला गेलो तेव्हा माझ्याच मावशीने पोहे खाता खाता सांगितलं, "खातो भरपूर, अंगाला लागत नाही." पुरुषाने यावर काही बोललं की लोक म्हणतात, बाईसारखं काय लावून घेतोस. वरचं वाक्य मलाही चालेल का?

कदंब

चालेल. शब्द तेच ठेवा. फक्त मुलगी बघायच्या कार्यक्रमात ऐन वेळी नको, मावशींशी घरून निघायच्या आधी बोला. तिथे परकी माणसं असतात, मावशीही दडपणाखाली असतात. दडपण आलं की माणूस सवयीचं बोलतो.

औषधवाला

गोरेगावला माझं औषधांचं दुकान आहे, त्यामुळे बाकी चर्चा जाणकारांवर सोडतो, पण त्या ट्यूबविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. शेवंतीताई, ट्यूब उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचा. त्यात मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल यांपैकी काही दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. बरोबर हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन असेल तर ते वांगासाठी त्वचारोगतज्ज्ञ देतात, तेही थोड्या आठवड्यांसाठी आणि स्वतः लक्ष ठेवून. रंग उजळायची ती क्रीम नाही.

शेजारच्या मुलीचा रंग दोन महिन्यांत उजळला, हे खरंही असेल. सुरुवातीला उजळ दिसतं, म्हणूनच ट्यूब हातोहात फिरते. महिनोन् महिने लावली की चेहऱ्याची त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, पुरळ येतं, गालावर लव वाढते. मग घाबरून बंद केली की चेहरा लाल होऊन जळजळतो, म्हणून माणूस पुन्हा तीच लावतो. माझ्याकडे अशा मुली रिकामी ट्यूब घेऊन येतात आणि तीच मागतात. २०१८ मध्ये अशी बरीच स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये आली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. तरीही कुठे ना कुठे मिळतात. ज्या डबीवर घटकच छापलेले नसतात, ती तर घरातही ठेवू नका, काहींत पारा सापडलेला आहे.

माईंना नम्रपणे सांगतो, लिंबू चोळू नका, त्याने आग होते आणि वर ऊन लागलं तर डागही पडतात. मान, काख इथली कातडी काळी, जाडसर, मखमलीसारखी झाली असेल तर तो मळ नसतो. पुष्कळदा त्याचा संबंध शरीरातल्या इन्सुलिनशी असतो, घासून जात नाही. तसं दिसलं तर डॉक्टरांना दाखवा. पण ते डॉक्टर आणि आईने बघायचं, पंगतीत बोलायचं नाही.

माई७०

लिंबाचं माहीत नव्हतं, बरं झालं सांगितलंत.

पारिजात, तुझं म्हणणं पटलं, म्हणून विचारलेल्या गोष्टीवर लिहिते. माझ्या सुनेने मला एकदा फोन केला होता. नातवाला मी सगळ्यांसमोर 'ढोल्या' म्हणायचे, त्यावरून. म्हणाली, "आई, तो आता डबा अर्धा परत आणतो, मित्र आणि तुम्ही एकच शब्द वापरता." एवढंच बोलली, चिडली नाही. चारचौघांत बोलली असती तर मी ऐकून घेतलं नसतं, हे खरं सांगते. फोनवर होतं म्हणून ऐकता आलं. शेवंती, आत्यांना गणपतीच्या आधी फोन कर.

कदंब

माईंनी लाखातलं सांगितलं. फक्त तो फोन शेवंतीने करू नये, तिच्या नवऱ्याने करावा. आत्या त्याची आहे. सुनेने सांगितलं तर 'तिला लागलं' असं होतं, भाच्याने सांगितलं तर ते घराचं म्हणणं होतं. "ती तशीच आहे" म्हणणाऱ्या नवऱ्यांना मी एकच विचारते, फोटोच्या दिवशी पावडर लावणाऱ्या मुलीला हेच सांगणार का?

फोन सणाच्या आठवडाभर आधी, दुपारची त्यांची झोप झाल्यावर. लांबवायचा नाही. साधारण असं: "आत्या, गणपतीला भेटूच. एक सांगायचं होतं. पोरीच्या रंगाविषयी आणि हिच्या वजनाविषयी घरात कोणी बोलू नये असं आम्ही दोघांनी ठरवलंय. पोरगी शाळेत जाताना हातांना पावडर चोळते, मला ते बघवत नाही." मग लगेच त्यांना काहीतरी द्यायचं. "तिला अथर्वशीर्ष शिकायचंय, तू शिकवशील का?" आत्यांना त्या घरात मोठेपण हवंय. आजवर ते बोलून मिळत होतं, आता शिकवून मिळू दे. काय द्यायचं ते मात्र आत्यांना खरंच येतं असंच निवडा.

मुलीसमोर त्या पुन्हा बोलल्याच, तर उत्तर तिथल्या तिथे, मुलीला ऐकू जाईल असं. नंतर आत्यांना बाजूला घेऊन सांगितलंत तर आत्यांना कळेल, पण मुलीने फक्त एवढंच पाहिलेलं असेल की आजी बोलली आणि आई गप्प होती. "आत्या, हिच्या रंगावर बोलायचं नाही," एवढं पुरे. रात्री घरी तिला "तू कुठे काळी आहेस, गोरीच आहेस" असं चुकूनही म्हणू नका. त्याचा अर्थ तिच्यापर्यंत असा पोचतो की काळं असणं वाईट, फक्त आपण त्यात नाही. "आत्याआजी बोलल्या ते बरोबर नव्हतं, मला आवडलं नाही, म्हणून मी त्यांना थांबवलं," असं सांगा. मग तिला काय वाटलं ते विचारा आणि ऐका.

औषधवाला

यात एक भर. माझी मुलगी विचारायची तेव्हा मी तिला दंडाची आतली बाजू दाखवली. तिथे ऊन फारसं लागत नाही, तो तिचा जन्माचा रंग. मनगटाला उन्हाने आलेला काळेपणा काही आठवड्यांत उतरतो, पण दंडाच्या आतल्या रंगापेक्षा उजळ होत नाही, कारण तो आईवडिलांकडून आलेला असतो. तिने माझा दंड शेजारी धरून पाहिला. त्या दिवसापासून हा विषय तिच्यापुरता मोजायचा झाला, लाजायचा राहिला नाही.

पारिजात

कदंबताई, हे सगळं वर्षातून चार वेळा भेटणाऱ्या आत्यांना ठीक आहे. आम्ही लालबागला एका वन-बीएचकेत पाच जण राहतो. सासूबाई रोज ताट वाढताना म्हणतात, "अजून एक पोळी? घे बाई, घे." मी तिसऱ्यांदा उठून जाऊ कुठे? बाहेर जिना आहे. आणि मुलाला सांभाळतात त्याच, म्हणून मी नोकरी करू शकते.

कदंब

पारिजात, तुला ते वाक्य पुरणार नाही. रोजचं माणूस, एकच खोली आणि वर त्यांच्यावर अवलंबून असणं, यात एका वाक्याने फार काही होत नाही. ताटापुरतं एक करता येतं. आपलं ताट आपण वाढून घ्यायचं, म्हणजे ती वेळच येत नाही. "आई, तुम्ही बसा, आज मी वाढते," असं करून काही जणींनी निदान जेवण शांत केलंय. पण मूळ प्रश्न सासूबाई आणि तुझ्या नवऱ्यातला आहे, आणि तो तोंड उघडत नसेल तर माझ्याकडे सोपं उत्तर नाही.

सडेतोड

म्हणजे शेवटी सगळं नवऱ्यावर. आणि नवरा बोललाच नाही तर? मग बाईने आयुष्यभर दुर्वा निवडत बसायचं? मला अजूनही वाटतं, एकदा स्पष्ट वाजवावं लागतं.

शेवंती

सगळ्यांचे आभार. गणपती झाले, म्हणून लिहिते आहे.

पावडरचं ऐकून नवऱ्याने फोन केला. मी शेजारीच बसले होते. आत्या आधी म्हणाल्या, "मी काय परकी आहे का?" तो म्हणाला, "परकी असतीस तर फोन केला नसता." ते कोणी शिकवलं नव्हतं, त्याचं त्याला सुचलं. अथर्वशीर्षाचं विचारल्यावर त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "उच्चार नीट करायचे असतील तरच शिकवीन."

ट्यूबवर मोमेटासोन आणि हायड्रोक्विनोन दोन्ही होतं. मी ती टाकून दिली आणि आत्यांच्या त्या शेजारणीला दाखवायला मागच्या बाजूचा फोटो काढून ठेवला.

गिरगावात शिरल्या शिरल्या आत्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, पण बोलल्या नाहीत. जेवणाच्या वेळी मी मोदक वाढत होते, तेव्हा आलंच. "तू घेऊ नकोस हो दोन-दोन, आधीच…" हातात पातेलं होतं. मी म्हटलं, "आत्या, माझ्या वजनाविषयी मी बोलणार नाही. तुमच्या गुडघ्याला आता जिना झेपतो का?" आवाज मला वाटलं होतं त्यापेक्षा बरा निघाला. त्या म्हणाल्या, "बघा, काही बोलायची सोय राहिली नाही." मी पुन्हा तेच म्हटलं, तेच शब्द. मग धाकट्या जाऊबाईच म्हणाल्या, "आत्या, सांगा ना, ऑपरेशन करायचं म्हणत होतात त्याचं काय झालं?" आणि त्या खरोखर ऑपरेशनचं सांगायला लागल्या. बऱ्याच घाबरल्या आहेत हो त्या. मला माहीत नव्हतं.

लेकीला त्यांनी संध्याकाळी गणपतीसमोर बसवून पहिल्या दोन ओळी शिकवल्या. रंगाविषयी एक शब्द नाही. निघताना मात्र "उन्हात फार खेळू नकोस" म्हणाल्याच. ते मी सोडून दिलं. बरोबर केलं की नाही, माहीत नाही.

पण आता नवीन झालंय. सासूबाई दोन दिवस माझ्याशी धड बोलत नाहीत. म्हणतात, "माझ्या नणंदेला चारचौघांत तू गप्प केलंस, ऐकून मला घ्यावं लागेल." आणि ते खरंही आहे, आत्या त्यांनाच ऐकवतील.

कदंब

'उन्हात खेळू नकोस' हे सोडलंत ते चाललं. प्रत्येक वाक्याला अडवायला गेलात तर मुख्य वाक्याचं वजन जातं. पण पुढच्या वेळी तेच रंगाला जोडून आलं, तर थांबवा.

सासूबाईंना समजावू नका. तुमचं बरोबर होतं, हे त्यांच्याकडून कबूल करून घ्यायची गरज नाही. त्यांना भीती आहे, ती कमी करता आली तर बघा. नवऱ्याने आत्यांना पुन्हा फोन करावा आणि त्यात हेही सांगावं, "आईला काही बोलू नकोस, जे ठरवलं ते मी ठरवलं."

माई७०

आणि शेवंती, आत्यांना तू स्वतः फोन कर, ऑपरेशनचं विचारायला. वजन, रंग, ते जेवण, काही काढू नकोस. डॉक्टर कोण, कधीची तारीख, घरी कोण राहणार, एवढंच विचार. मग संध्याकाळी सासूबाईंना सांग, "आत्यांशी बोलले, तारीख अजून ठरली नाही." त्यांचा जीव भांड्यात पडेल.

सडेतोड

मला हे अजून पटलेलं नाही. ज्यांनी दुखवलं त्यांचे गुडघेही आपणच विचारायचे?

शेवंती

सडेतोड, मलाही तो प्रश्न पडला होता. ऑपरेशनचं ऐकल्यापासून काळजी वाटतेय, म्हणून करीन फोन. माफी मागायला नाही. नवऱ्याला कदंबताईंचा प्रतिसाद दाखवला, तो आज रात्री आत्यांशी बोलतो म्हणालाय.